साहेब की मॅडम? आधी 'यांना' लिहून बघा

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्याच्या वर पाणी चढत नव्हतं. सोसायटीची सचिव मी, त्यामुळे पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. कार्यकारी अभियंता कोण आहेत हे मला माहीत नव्हतं. मी सवयीने 'मा. कार्यकारी अभियंता साहेब' असं लिहिलं, खाली 'महोदय' लिहिलं, आणि मजकुरात आणखी एका ठिकाणी 'साहेब' घातलं. पोच घेतली आणि आठवड्याने भेटायला गेले. खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. माझं पत्र त्यांच्या पुढ्यातल्या फाइलीत वरच होतं. "बसा, वाचलंय मी," एवढंच त्या म्हणाल्या आणि सरळ कामाचं बोलायला लागल्या. मला मात्र ते पान समोर उघडं असताना मान वर करून बोलता येईना. मी स्वतः बाई. मला 'श्री.' लावून आलेली पत्रं मी कित्येकदा मनाला लावून घेतली आहेत. तरी मोठ्या पदावर पुरुषच असणार, हे मी न विचारता गृहीत धरलं होतं.

तेव्हापासून अनोळखी माणसाला पत्र लिहायचं असलं की मायन्यापाशी मी जरा थांबते. समोरची व्यक्ती बाई की पुरुष हे ठाऊक नाही, कधी नावही ठाऊक नाही, आणि मान तर द्यायचा आहे. अशा वेळी मराठीत काय लिहावं? बऱ्याच जणांना वाटतं की मान द्यायचा तर 'साहेब' किंवा 'मॅडम' यांपैकी काहीतरी हवंच, आणि दोन्ही टाळलं तर पत्र कोरडं होतं. माझा अनुभव वेगळा आहे. मराठीत मान मुख्यतः अनेकवचनात असतो, आणि त्या अनेकवचनाची काही रूपं अशी आहेत की त्यांत स्त्री-पुरुष भेद उरतच नाही. ती रूपं ओळखता आली की बाकी सगळं सोपं होतं.

नेहमीचे मायने कुठे अडतात

सगळ्यात रुळलेला मायना 'महोदय'. तो सगळ्यांना चालतो असं पुष्कळजण मानतात. पण 'महोदया' हे रूप सर्रास वापरात आहे, त्यामुळे 'महोदय' वाचताना स्त्री अधिकाऱ्याला तो आपल्यासाठी नाही हे कळतंच. 'महोदय/महोदया' हा त्यावरचा प्रचलित उपाय. त्यात चूक होत नाही हे खरं, पण तिरकी रेघ दिसली की छापील फॉर्ममधला नको तो पर्याय खोडायचा राहून गेल्यासारखं वाटतं. शिवाय दोनच खाने उरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र लिंगओळख मान्य केली आहे. त्या खुर्चीवर कोण असेल हे आपल्याला खरोखरच माहीत नसतं, तेव्हा दोनच खाने आखून का द्यावेत? तरीही घाईत दुसरं काही सुचलं नाही तर 'महोदय/महोदया' लिहावं. नुसत्या 'महोदय'पेक्षा ते नक्कीच बरं.

'श्री.' आणि 'श्रीमती' यांत आणखी एक पेच आहे. 'श्रीमती' हा शब्द सरकारी कागदांत कोणत्याही स्त्रीसाठी वापरतात, पण मराठी घरांत कित्येक वर्षं त्याचा अर्थ 'नवरा हयात नसलेली बाई' असा घेतला गेला. आजही एखाद्या लग्न झालेल्या बाईंच्या नावामागे 'श्रीमती' लागलं तर घरातली वयस्कर माणसं दचकतात. 'सौ.' लिहावं तर लग्न झालंय हे गृहीत धरलं, 'कु.' लिहावं तर झालेलं नाही हे गृहीत धरलं. म्हणजे समोरची व्यक्ती बाई आहे हे कळल्यावरही आपण एका अंदाजातून दुसऱ्या अंदाजात जातो. पाण्याच्या तक्रारीत अभियंत्यांच्या लग्नाचा काय संबंध? म्हणून स्त्री आहे हे पक्कं माहीत असलं तरी, त्या स्वतः जे लिहितात ते दिसेपर्यंत, नावामागे काहीच लावू नये असं माझं मत आहे.

'प्रिय महोदय' हे इंग्रजी पत्रावरून उचललेलं आहे. मराठीत 'प्रिय' म्हटलं की जवळीक आली, आणि अनोळखी अधिकाऱ्याशी ती नसते. 'ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांना' हेही तसंच, शब्द मराठी पण बोलणं परकं. आपल्याकडे त्यासाठी 'संबंधित अधिकारी यांना' हे सरळ रूप आहे. दाखला किंवा प्रमाणपत्र असेल तर मायन्याची गरजच नसते, 'प्रमाणित करण्यात येते की' असं म्हणून एकदम मजकुराला हात घालतात.

'जी'बद्दलही दोन शब्द. हल्ली 'पाटीलजी', 'किरणजी' असं लिहिण्याची पद्धत आली आहे. त्यात लिंग उघड होत नाही हा फायदा आहेच. विदर्भात ते कानाला खटकणार नाही, पण पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकाला ते हिंदीतून आल्यासारखं लागतं. चूक म्हणणार नाही, पण मी वापरत नाही.

जुन्या पत्रांत डोकावलं तर

आजीच्या ट्रंकेतली पोस्टकार्डं काढून बघा. वर 'स. न. वि. वि.' असतं, म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'. वडीलधाऱ्यांना लिहिताना 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार. धाकट्यांना 'अनेक उत्तम आशीर्वाद'. या मायन्यांत लिहिणारा आणि वाचणारा यांचं वय, नातं, मान सगळं येतं, पण वाचणारी व्यक्ती बाई की पुरुष हे येत नाही. तोच 'सप्रेम नमस्कार' काकांना जायचा आणि तोच मावशीलाही. 'तीर्थरूप' हा शब्दसुद्धा वडिलांना आणि आईला दोघांनाही लिहीत. स्त्री-पुरुष भेद यायचा तो नावामागे लावायच्या अक्षरांत, म्हणजे 'रा. रा.', 'सौ.', 'गं. भा.' यांत. म्हणजे लिंग न दाखवणारा मायना ही काही नवीन काढलेली सोय नाही. नमस्कार आधीपासूनच सगळ्यांचा होता.

म्हणूनच अनोळखी व्यक्तीला 'सादर नमस्कार' किंवा नुसतं 'नमस्कार' हा माझ्या मते सगळ्यात भक्कम मायना आहे. अर्जात आणि तक्रारीत 'सादर नमस्कार', ईमेलमध्ये 'नमस्कार'. 'सप्रेम' थोडं घरगुती आहे, ते ओळख झाल्यावर. 'जय हरी', 'जय भीम', 'रामराम' हे ज्याचे त्याचे आपुलकीचे शब्द आहेत, पण समोरचा माणूस कोण हे माहीत नसताना ते त्याच्यावर आपण होऊन टाकल्यासारखे होतात.

'यांना'मध्ये काय आहे

आता मुख्य गोष्ट. मराठीत आदराने बोलताना आपण एकाच माणसाला अनेकवचन लावतो. 'साहेब आले', 'मॅडम आल्या'. इथे 'आले' आणि 'आल्या' वेगळे, म्हणजे भेद दिसतो. 'ते' आणि 'त्या' यांतही दिसतो. पण या शब्दांना प्रत्यय लागला की काय होतं बघा. 'त्यांना', 'त्यांनी', 'त्यांचे', 'त्यांच्याकडे'. पुरुष असो, स्त्री असो, कोणीही असो, रूप एकच. 'हे' आणि 'ह्या' यांचंही 'यांना', 'यांनी', 'यांच्या' असंच होतं. अनेकवचन असल्यामुळे मान पूर्ण राहतो, आणि प्रत्ययामुळे लिंग गळून पडतं.

म्हणून पदनाम किंवा नाव लिहायचं आणि त्याला 'यांना' जोडायचं. 'मा. तहसीलदार यांना'. 'मा. सरपंच यांना'. 'किरण पाटील यांना'. जुन्या वळणाचं 'यांस' लिहिलंत तरी तेच काम होतं. 'मा.' हे 'माननीय'चं लघुरूप. निमंत्रणांत कुठे कुठे 'माननीया' छापलेलं दिसतं, पण लघुरूपात तोही प्रश्न मिटतो.

"साहेब म्हटलं नाही तर अर्ज हलत नाही," असं मला आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी सांगितलं होतं. त्यांची काळजी खरी होती, त्यांनी उभं आयुष्य अर्ज लिहिण्यात घालवलं होतं. मी त्यांना दोन ओळी वाचून दाखवल्या. एक, 'कार्यकारी अभियंता साहेब'. दुसरी, 'मा. कार्यकारी अभियंता यांना सादर नमस्कार'. दुसरीत 'मा.' आहे, 'यांना' आहे, 'सादर' आहे, म्हणजे मान तीन ठिकाणी आहे. काका म्हणाले, "हे जास्त भारदस्त वाटतंय."

पदनामाचं सांगायचं तर 'तहसीलदार', 'जिल्हाधिकारी', 'सरपंच', 'आयुक्त', 'सचिव' हे शब्द रोजच्या वापरात सगळ्यांना लागतात. सरपंचांच्या बाबतीत तर अंदाज करणं म्हणजे नाणं उडवणं आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि त्यात सरपंचपदंही येतात. 'सरपंच साहेब' लिहिलेलं पत्र दर दुसऱ्या गावात चुकू शकतं. अडचण येते ती 'मुख्याध्यापक/मुख्याध्यापिका', 'संपादक/संपादिका', 'अध्यक्ष/अध्यक्षा' अशा जोड्यांत. इथे पूर्ण तटस्थ शब्द आपल्याकडे नाही, हे मान्य करावं लागतं. मी दोन गोष्टी करते. जमलं तर संस्थेला लिहिते, 'संपादक मंडळ यांना' किंवा 'मुख्याध्यापक कार्यालय'. नाही जमलं तर पत्त्याच्या ओळीत 'मुख्याध्यापक/मुख्याध्यापिका' अशी रेघ चालवून घेते. पत्त्याची ओळ पाकिटावरच्या पत्त्यासारखीच असते, तिथे रेघ डोळ्यांत खुपत नाही. त्याखालचा नमस्कार मात्र थेट माणसाला असतो, तिथे ती नको.

आणि कधी कधी मायना नसला तरी बिघडत नाही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज ज्या 'जोडपत्र अ' नमुन्यात करतात, त्यात वर जन माहिती अधिकारी आणि कार्यालयाचं नाव येतं आणि लगेच 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' सुरू होतं. अधिकाऱ्यांचं नाव विचारलेलं नाही, महोदय नाही. अर्ज पदाला जातो, आणि ते पुरेसं असतं.

पत्राच्या पोटात भेद कसा डोकावतो

मायना नीट साधला तरी पुढच्या दोन ओळींत सगळं उघडं पडू शकतं, कारण मराठीत क्रियापद बोलतं. माझं ते पत्रच घेऊन दाखवते. विभागाची माणसं पाहणीला आली तेव्हा मी घरी नव्हते. "ऑफिसचे लोक आले होते, पंधरा दिवसांत व्हॉल्व्ह बदलतो म्हणाले," एवढंच वॉचमनने सांगितलं होतं. मी लिहिलं ते असं:

> प्रति,
> मा. कार्यकारी अभियंता साहेब,
> पाणीपुरवठा विभाग
>
> महोदय,
> आपण मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत पाहणीसाठी आले होते. तेव्हा आपण म्हणाले होते की पंधरा दिवसांत व्हॉल्व्ह बदलून मिळेल. त्यानंतर आपले कनिष्ठ अभियंता दोनदा येऊन गेले, पण ते काही बोलले नाहीत. तरी साहेबांनी स्वतः लक्ष घालावे, ही विनंती.

यातले 'साहेब' आणि 'महोदय' काढून टाकले तरी 'आले होते', 'म्हणाले होते', 'येऊन गेले', 'बोलले नाहीत' हे चौघं राहतातच. प्रत्येकातून ती व्यक्ती पुरुष आहे असंच निघतं. यावर उपाय मराठीच्या व्याकरणातच आहे. भूतकाळात काही क्रियापदं कर्त्याप्रमाणे बदलतात: येणे, जाणे, म्हणणे, बोलणे, भेटणे, राहणे. 'ते म्हणाले', 'त्या म्हणाल्या'. पण करणे, सांगणे, पाहणे, देणे, पाठवणे, कळवणे ही क्रियापदं भूतकाळात कर्त्याकडे बघतच नाहीत, ती कर्माप्रमाणे चालतात. 'आपण पाहणी केली.' पाहणी स्त्रीलिंगी म्हणून 'केली', मग पाहणी कोणीही केलेली असो. 'आपण पत्र पाठवले', 'आपण सूचना दिल्या', 'आपण सांगितले'. म्हणून 'म्हणाले'च्या जागी 'सांगितले' आणलं, 'आले'च्या जागी 'पाहणी केली' आणलं, की भेद आपोआप गेला.

दुरुस्त केलेलं पत्र हे:

> प्रति,
> मा. कार्यकारी अभियंता यांना,
> पाणीपुरवठा विभाग
>
> सादर नमस्कार.
> मागच्या महिन्यात आपण आमच्या इमारतीची पाहणी केली. पंधरा दिवसांत व्हॉल्व्ह बदलून मिळेल, असे आपण त्या वेळी सांगितले होते. त्यानंतर विभागातील कनिष्ठ अभियंता यांनी दोनदा जागा पाहिली. मात्र पुढील कामाबाबत त्यांच्याकडून काही कळलेले नाही. तरी आपण यात स्वतः लक्ष घालावे, ही विनंती.

कनिष्ठ अभियंतांचं काय केलं तेही बघा. पहिल्या पत्रात 'अभियंता येऊन गेले, पण ते बोलले नाहीत' होतं. इथे 'यांनी' आणि 'त्यांच्याकडून' आलं. तिसऱ्या माणसाबद्दल लिहिताना 'ते' किंवा 'त्या' हा नुसता शब्द जिथे जिथे येईल तिथे प्रत्यय लागेल असं वाक्य फिरवायचं, एवढंच.

वर्तमान आणि भविष्यकाळ फारसा त्रास देत नाहीत. 'आपण पाहता', 'आपण कळवाल', 'आपण निर्णय घ्याल' ही रूपं सगळ्यांना सारखीच. विनंतीचं 'आपण यावे', 'आपण कळवावे' हेही तसंच. साध्या भूतकाळात 'आपण आलात' हे बाईंनाही म्हणतो आणि पुरुषालाही. पण 'आहात' किंवा 'होतात' जोडलं की 'आला होतात' आणि 'आल्या होतात' अशी फाटाफूट होते. तिथे नाम वापरून सुटता येतं: 'आपली भेट झाली होती', 'आपल्याशी फोनवर बोलणे झाले होते'. 'आपला, आपली, आपले' यांची भीती बाळगू नका. ते पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतात, वाचणाऱ्याप्रमाणे नाही. 'आपली भेट'मध्ये भेट स्त्रीलिंगी आहे, एवढंच.

पत्र लिहून झालं की मी एक गोष्ट करते. ते दोनदा वाचते, एकदा समोर बाई बसल्या आहेत असं समजून आणि एकदा पुरुष बसले आहेत असं समजून. दुसऱ्या वेळी एखादं अक्षर बदलावंसं वाटलं, तर भेद तिथेच शिल्लक आहे. पान-दीड पानाच्या पत्राला पाच मिनिटंही लागत नाहीत.

स्वतःबद्दलही हे ध्यानात असू द्यावं. 'मी विनंती करते', 'आपली विश्वासू' यातून लिहिणारी बाई आहे हे कळतं. मला त्याची अडचण नाही, मी तसंच लिहिते. पण कोणाला ते सांगायचं नसेल तर 'विनंती आहे', 'कळवत आहोत' असं लिहिता येतं आणि सहीच्या वर 'विनीत' पुरतं.

नाव आहे, पण नावावरून कळत नाही

ईमेलमध्ये उलटा प्रश्न येतो. नाव समोर असतं, पण त्यातून काही निघत नाही. किरण, सुमन, स्नेहल, शशी, कांचन, ही नावं दोन्हीकडे चालतात. शीतल म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर मुलगी येते. सांगली-कोल्हापूरच्या जैन घरांत मात्र ते पुरुषाचंही नाव असतं, दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांच्यावरून ठेवलेलं. 'एस. पी. कुलकर्णी' अशी नुसती आद्याक्षरं असली तर विचारायलाच नको. मधलं नाव बघून काही कळेल अशी आशा असते, पण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लावायची आपली पद्धत असल्यामुळे 'किरण रमेश पाटील' ही व्यक्ती कोणीही असू शकते.

अशा वेळी नुसतं 'नमस्कार पाटील,' लिहू नये. मराठीत नुसतं आडनाव म्हणजे वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला हाक मारल्यासारखं होतं. 'नमस्कार शीतल,' हे ओळख नसताना सलगीचं वाटतं. पूर्ण नाव घ्यावं. 'शीतल पाटील यांना सादर नमस्कार' किंवा थोडं मोकळं हवं असेल तर 'नमस्कार शीतल पाटील,'. पहिलं मला जास्त आवडतं. कोणी लिहिल्यासारखं वाटतं ते, भरून पाठवलेल्या नमुन्यासारखं नाही.

नाव मुळीच नसेल आणि कामाचं ठिकाण गाठता येत असेल, तर फोन करून "पत्र कोणाच्या नावाने पाठवू?" असं विचारावं. हा प्रश्न बरा, कारण त्यात 'साहेब आहेत की मॅडम' असं विचारावं लागत नाही, आणि बहुतेक वेळा पलीकडची व्यक्ती 'मॅडमच्या नावाने' असं आपणहून सांगून टाकते.

पहिलं उत्तर आलं की त्यात एक खूण शोधता येते. मराठी माणूस उत्तर देताना 'मी तपासून कळवते' किंवा 'कळवतो' लिहितो, आणि तिथे क्रियापद सांगून जातं. 'आपली विश्वासू' वरूनही कळतं. पण या खुणेवर डोळे मिटून विसंबू नये. कोल्हापूर-बेळगावकडच्या बोलीत कित्येक बायका स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी सांगतो' असंच बोलतात, आणि तेच हाताने लिहिलं जातं. कार्यालयातली पत्रं तर बरेचदा लिपिक टाइप करतात आणि सही दुसऱ्याची असते, मग 'करतो' कोणाचं हे कसं ठरवणार? उत्तराच्या तळाशी व्यक्तीने स्वतः 'श्रीमती' किंवा 'डॉ.' लावलं असेल तर तेच पुढे वापरावं, ते सगळ्यात खात्रीचं. काहीच नसेल आणि नामपट्टी किंवा निमंत्रण छापायचं असेल, तर सरळ लिहावं: 'निमंत्रणात आपला उल्लेख कसा करावा, हे कृपया कळवावे.' मी हे दोनदा विचारलं आहे आणि दोन्ही वेळा एका ओळीत, मनापासून उत्तर आलं.

पाण्याचं काम त्या अभियंता बाईंनी महिन्याभरात करून दिलं. आभाराचं पत्र मी त्यांच्या नावाने लिहिलं, कारण तोवर दारावरच्या पाटीवर ते वाचलं होतं. आमच्या जावक नोंदवहीत मात्र आता पदनामच शाईने लिहायचं ठरवलंय, आणि नाव त्यापुढे पेन्सिलीने. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा नेहमीचा कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे. पद तिथेच राहतं, माणूस बदलतो, आणि पुढच्या वेळी पत्र लिहायला बसेन तेव्हा त्या खुर्चीवर कोण असेल ते मला पुन्हा माहीत नसणार.